ओटीपी देऊन बसलात? पुढचा अर्धा तास अलिबागच्या एसटीत घालवू नका

मार्च २०२३ च्या सुरुवातीला मुंबईत एकाच खासगी बँकेच्या जवळपास ४० ग्राहकांना तीन दिवसांत लाखो रुपयांचा फटका बसला. सगळ्यांना आलेला मेसेज साधारण सारखा होता: केवायसी आणि पॅन अपडेट करा, नाहीतर खातं बंद. खाली लिंक. लिंकवर बँकेसारखंच दिसणारं पान, त्यात कस्टमर आयडी, पासवर्ड, ओटीपी. तक्रारदारांमध्ये एक अभिनेत्रीही होती. तिने सांगितलेला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लिंकवर माहिती भरल्यानंतर तिला एका बाईचा फोन आला, 'मी बँकेतून बोलतेय', आणि त्या बाईने *आणखी एक* ओटीपी मागितला. त्यानंतर ५७ हजारांच्या वर रक्कम खात्यातून गेली.

दुसरा ओटीपी का लागला? हे एकदा कळलं की हा सगळा प्रकार ओळखणं बरंच सोपं जातं.

खोट्या पानावर तुम्ही आयडी-पासवर्ड टाकता, तेव्हा पलीकडे कुणीतरी (किंवा एखादा छोटा प्रोग्रॅम) तीच माहिती त्याच क्षणी बँकेच्या *खऱ्या* साइटवर टाकत असतो. त्यामुळे तुमच्या फोनवर येणारा ओटीपी खराच असतो आणि खऱ्या बँकेकडूनच येतो. म्हणून 'मेसेज तर बँकेचाच होता' हे वाक्य प्रत्येक फसलेल्या माणसाच्या तोंडी असतं, आणि ते खोटं नसतं. ओटीपी फक्त एवढंच सिद्ध करतो की फोन तुमच्या हातात आहे. आकडे बँकेच्या साइटवर कोण टाकतंय, हे त्याला कळत नाही. पहिल्या ओटीपीने चोर लॉगिन करतो. पण पैसे पाठवायला नवीन खातं जोडावं लागतं, त्याला बँक वेगळा ओटीपी पाठवते. म्हणून फोन येतो: 'सर, पहिला ओटीपी फेल झाला, दुसरा आलाय तो सांगा.' तुम्हाला हे वाक्य ऐकू आलं, तर पहिला ओटीपी फेल झालेला नाही, चालला आहे, असं समजा.

आता पालीचं उदाहरण. माझ्या मामेभावाचं बल्लाळेश्वराच्या देवळाच्या रस्त्यावर दुकान आहे. गेल्या वर्षी एका दुपारी त्याला व्हॉट्सॲपवर बँकेचा लोगो लावलेल्या नंबरवरून मेसेज आला, की आज रात्री नेटबँकिंग बंद होणार. मेसेज व्हॉट्सॲपवर का? कारण ऑक्टोबर २०२४ पासून एसएमएसमधल्या लिंकवर ट्रायने चाप लावलाय. कंपनीने आधी नोंदवलेली लिंक नसेल तर तिचा एसएमएस अडवला जातो. आणि अशा नोंदणीकृत मेसेजला पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी नंबर नसतो, अक्षरी नाव असतं आणि शेवटी -T, -S, -P किंवा -G असतं (व्यवहार, सेवा, जाहिरात, सरकारी). हा रस्ता अवघड झाल्यावर चोर व्हॉट्सॲपकडे आणि साध्या मोबाइल नंबरकडे वळले. म्हणजे 'बँकेचा' मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला, तर तिथेच थांबायचं.

लिंकचंही तसंच. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट `.bank.in` वर न्यायला सांगितलं होतं. पण नाव उजवीकडून वाचायची सवय हवी. `bank.in.example.com` असं दिसलं तर त्या साइटचा मालक `example.com` वाला आहे, पुढे bank.in कितीही ठळक दिसो. `https://` नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा शेवटचा तुकडा तेवढा खरा. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लांब पत्ता अर्धाच दिसतो, आणि चोराला तेच हवं असतं.

भावाच्या बाबतीत पुढचं सगळं घड्याळावर सांगतो, कारण खरा मुद्दा वेळेचाच आहे. २.१४ ला पहिला ओटीपी. २.१७ ला फोन आणि दुसरा ओटीपी. २.१९ ला ४९,००० रुपये वजा झाल्याचा मेसेज. फोनवरचा माणूस शांतपणे म्हणाला, 'सर, हे होल्ड आहे, परत येईल. फक्त तिसरा ओटीपी सांगा.' भावाने फोन कापला आणि मला लावला.

"दादा, चूक झाली रे. मी निघतो अलिबागला, सायबर पोलिसांकडे."

मी म्हणालो, "कुठेही जाऊ नकोस. तुझं डेबिट कार्ड काढ, मागे बँकेचा नंबर आहे तो लाव."

पाली ते वाकण, पुढे नागोठणे, वडखळ, पोयनाड करत अलिबागला पोचायला एसटीने दोन तास कुठे जातात कळत नाही. तेवढ्यात पैसे तीन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेले असतात. आधी जवळच्या ठाण्यात जाणं हासुद्धा सध्या दुसऱ्या नंबरचा उपाय आहे. पहिले दोन फोन घरात बसूनच करायचे.

पहिला फोन बँकेला. कार्डामागचा किंवा पासबुकावरचा नंबर लावा. गूगलवर शोधून मिळालेला कस्टमर केअर नंबर लावू नका, तिथेही चोरांनी पेरलेले नंबर असतात. बँकेला सांगायचं: नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड, तिन्ही बंद करा, आणि हा व्यवहार फसवणुकीचा म्हणून नोंदवा. तक्रार क्रमांक घ्या, वेळ लिहून ठेवा. भावाची तक्रार २.३३ ला नोंदली गेली.

ही वेळ एवढी महत्त्वाची का, ते रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आलेल्या नियमांत आहे. 'तीन दिवसांत कळवलं तर पूर्ण पैसे परत' असं बरेच जण सांगतात, पण ते अर्धवट आहे. तो नियम तुमची आणि बँकेची, दोघांचीही चूक नसताना लागू होतो. तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर तो तुमचा निष्काळजीपणा धरला जातो, आणि बँकेला *कळवेपर्यंत* झालेलं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जो रुपया जाईल तो बँकेचा. म्हणजे भावाचे ४९,००० नियमाप्रमाणे त्याच्याच डोक्यावर होते. २.४१ ला मात्र चोराने पुन्हा पैसे काढायचा प्रयत्न केला आणि तो अडला, कारण आठ मिनिटं आधी नेटबँकिंग बंद झालं होतं. समजा ते पैसे गेले असते, तरी २.३३ ची नोंद हातात होती. तक्रार क्रमांक नसेल तर हाच वाद 'मी फोन केला होता' विरुद्ध 'आमच्याकडे नोंद नाही' असा होतो.

(कळवल्यानंतरही पैसे गेले आणि बँक दाद देत नसेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत.)

दुसरा फोन 1930. ही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या व्यवस्थेतली हेल्पलाइन. तुमच्या खात्याचा नंबर, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक त्यांना लागतो, म्हणून वजावटीचा मेसेज डिलीट करू नका. पलीकडचा माणूस ही माहिती सिस्टीममध्ये भरतो आणि ती थेट पैसे गेलेल्या बँकेकडे जाते. तिथे रक्कम शिल्लक असेल तर ती गोठवतात. पुढे सरकली असेल तर तक्रार त्या पुढच्या बँकेकडे जाते. थोडक्यात, तक्रार पैशामागे पळत असते आणि चोर तिच्यापुढे. लाइन व्यस्त लागली तर वाट बघत बसू नका, `cybercrime.gov.in` वर आर्थिक फसवणुकीची तक्रार सुरू करा. फोन लागला असेल तरी मेसेजमध्ये आलेल्या क्रमांकावरून २४ तासांच्या आत पोर्टलवर तक्रार पूर्ण करावी लागते. बरेच जण इथेच सोडून देतात.

भावाचे ३१,००० दुसऱ्या एका खात्यात गोठवले गेले. १८,००० तोपर्यंत एटीएममधून निघाले होते.

एक वेगळी परिस्थिती सांगायलाच हवी, कारण तिथे वरचा क्रम बदलतो. लिंकऐवजी तुम्हाला `.apk` फाइल आली आणि तुम्ही ती टाकून बसलात, मेसेज वाचायची परवानगीही दिलीत, तर ओटीपी तुम्ही सांगायची गरजच उरत नाही. ॲप स्वतःच तुमचे मेसेज पलीकडे पाठवतं. अशा फोनवर पासवर्ड बदलणं म्हणजे चोरासमोर नवी किल्ली ठेवणं. फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, बँकेला आणि 1930 ला घरातल्या *दुसऱ्या* फोनवरून लावा, पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदला. ॲप काढताना मात्र थांबा. आधी त्याच्या नावाचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, पोलिसांना तेच लागतात. मग ॲप काढा, आणि ते निघतच नसेल तर फोन रीसेट करा.

साधा ओटीपीच दिला असेल, तर दोन्ही फोन झाल्यावर ते ओटीपीचे मेसेज पुन्हा उघडून *पूर्ण* वाचा. आकड्यांच्या आसपास बँकेने बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की हा कशासाठी आहे: लॉगिनसाठी, नवीन खातं जोडायला, कार्डाने खरेदीला, यूपीआय पिन बदलायला. कुठलं दार उघडलं गेलं ते त्यावरून कळतं. भावाच्या दुसऱ्या मेसेजमध्ये 'नवीन लाभार्थी' असं स्वच्छ लिहिलं होतं. त्याने फक्त आकडे वाचले होते, बोलणाऱ्याने घाईच तशी लावली होती. बँकेत जाऊन ते जोडलेलं खातं काढून टाकायला लावा, नाहीतर नेटबँकिंग पुन्हा सुरू केल्यावर ते तसंच यादीत बसलेलं असतं.

'बँकेच्या' फोनबद्दलही थोडं. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना खात्यासंबंधीचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे 140 वरून करायला सांगितलं. त्यामुळे साध्या मोबाइलवरून 'मी मॅनेजर बोलतोय' म्हणणाऱ्यावर संशय घ्यायला आता चांगलं कारण आहे. पण उलटं समजू नका: 1600 दिसलं तरी ओटीपी कुणालाच द्यायचा नाही. बँकेच्या माणसाला तुमच्या ओटीपीचं कामच नसतं.

गोठवलेले पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. भावाला पोलिसांमार्फत कोर्टात अर्ज करावा लागला आणि ३१,००० परत यायला काही महिने गेले. मधल्या काळात त्याला एक फोन आला होता: 'सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सुटलेत, दोन हजार प्रोसेसिंग फी भरा.' फसलेल्यांचे नंबर पुढे विकले जातात, त्यामुळे असे फोन येतातच. भावाने तो नंबर पोर्टलवरच्या आधीच्या तक्रारीच्या कागदांसोबत पाली पोलिस ठाण्यात दिला.