‘नीट सांगा बघू’ म्हणणाऱ्यांना

आजारी माणसाला बघायला येणाऱ्या बायांनो, रागावलात तरी चालेल, पण लिहितेच. डाव्या मेंदूला झटका आलेल्या माणसापुढे बसून “काय पाहिजे? नीट सांगा बघू,” हे विचारणं बंद करा. नेमकं तेच त्याला जमत नसतं. वाचाघातात मनात काय आहे ते ठाऊक असतं, शब्द मात्र सापडत नाही, किंवा भलताच बाहेर येतो. त्याची शाळा कसली घेता?

माझ्या सासूबाई रोज सकाळी “पाणी, पाणी” म्हणायच्या. पेला दिला की ढकलायच्या. हात डोळ्यांकडे न्यायच्या. आलेल्या एकीनं त्यांच्यादेखतच सांगून टाकलं, “डोकं गेलं हो यांचं.” त्यांना सगळं कळत होतं. डोळे भरले त्यांचे.

मग वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी शिकवलेलं करून पाहिलं. नातवाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत, एकाखाली एक लिहिलं: प्यायला. अंघोळ. डोळे धुवायला. आणि खाली, ‘यातलं नाही’. एकेक वाचून बोट ठेवलं नि गप्प बसले. हे गप्प बसणंच आपल्याला जड जातं. मनात दहा मोजले. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

ती ओळ नसती, तर मी त्यांना तीन चुकांतली एक निवडायला लावली असती, आणि वर म्हटलं असतं, त्यांनीच सांगितलं की!

पाटी पुसली. या वेळी औषधं नाही, त्यांची सकाळ आठवली. तीस वर्षं बघत होते, अभिषेक झाल्याशिवाय बस्तीतून घरी येत नसत. लिहिलं: बस्तीला जायचं. गंधोदक. यातलं नाही. बोट गंधोदकावर गेलं. तरी क्रम उलटा करून पुन्हा विचारलं, कारण काहीजण शेवटचं ऐकलेलंच धरतात. पुन्हा गंधोदकच. ह्यांनी वाटीतून आणलं, त्यांनी कपाळाला, डोळ्यांना लावलं.

म्हणजे पर्याय दोन-तीनच द्यावेत, पण ते त्या माणसाच्या दिवसातले हवेत. आपल्या सोयीचे नकोत. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बाईला सात वाजता “चहा की दूध?” विचारणं म्हणजे तिला काहीच न विचारणं. हे मी स्वतः केलंय.

सगळ्यांनाच पाटी चालेल असं नाही. कुणाला वाचलेलंही कळत नाही, तिथं वाटी नि पेला, वस्तूच समोर धरावी. कुणाला उजवीकडचं दिसत नाही, म्हणून ओळी आडव्या न लिहिता खाली-खाली लिहायच्या.

पाटी अजून उशाशी असते. परवा सासूबाईंनी त्याच बाईकडे बघून ‘यातलं नाही’वर बोट ठेवलं. मी काही विचारलंही नव्हतं.