जन्मतारीख शोधायची कशी?



कोपरच्या एका वाचक भगिनींनी पत्रातून विचारले आहे, की मुलीला शाळेत आपल्या भागातील थोर व्यक्तीविषयी दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. तिने डॉ. आनंदीबाई जोशींचे नाव घेतले. मोबाइलवर शोधायला बसली तर कुठे सिनेमा निघतो, कुठे पेशव्यांच्या घराण्यातील बाई निघते, आणि जन्मतारखेसाठी अर्धा तास जातो. हे लवकर आणि बिनचूक कसे करावे?

मुलीने नाव चांगले निवडले आहे. कोपरहून गाडीत बसले की डोंबिवली, ठाकुर्ली आणि मग कल्याण. त्याच कल्याणशी आनंदीबाईंचे नाते आहे. तेव्हा त्यांचीच जन्मतारीख शोधून पाहू. रीत कळली की ती दुसऱ्या कोणालाही लावता येईल.

पहिली गोष्ट नावाची. नुसते ‘आनंदीबाई’ असे लिहिले तर राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई समोर येतात, ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा ज्यांच्या नावावर सांगतात त्या. ‘आनंदी गोपाळ’ असे लिहिले तर २०१९ सालचा चित्रपट आणि श्री. ज. जोशींची कादंबरी आधी येते. म्हणून पूर्ण नाव, त्या व्यक्तीची ओळख पटवणारा एक शब्द, आणि आपल्याला हवी ती गोष्ट, एवढेच लिहावे. ‘मला आनंदीबाईंचा जन्म कधी झाला ते सांगा’ असे लांबलचक वाक्य लिहिण्याची गरज नाही. असे लिहावे:

```
"आनंदीबाई जोशी" डॉक्टर जन्म
```

नावाभोवती जी दुहेरी अवतरणचिन्हे आहेत त्यांचे काम मोठे आहे. त्यामुळे ते दोन शब्द ज्या पानावर याच क्रमाने शेजारी शेजारी आहेत, तीच पाने प्रामुख्याने येतात. नाहीतर एका ओळीत कोणी आनंदीबाई आणि चार ओळींनंतर कोणी जोशी, असेही पान पुढे येते. तरीही सिनेमाची पाने मधे येतच राहिली तर नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह द्यावे. चिन्ह आणि शब्द यांच्यात जागा सोडू नये:

```
"आनंदीबाई जोशी" जन्म -चित्रपट
```

इंग्रजीत शोधायचे झाले तर एक अडचण येते. आपण आज Joshi असे लिहितो. पण त्या काळच्या अमेरिकेतील पुस्तकात त्यांचे नाव Anandabai Joshee असे छापलेले आहे. जुने कागद हवे असतील तर जुनीच अक्षरे लिहावी लागतात. तीच गोष्ट माहेरच्या नावाची. आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जुन्या काळातील बाईची माहिती सापडत नसेल तर माहेरचे नाव घालून पुन्हा एकदा पाहावे.

आता एक चूक, जी फार जण करतात. कोणीतरी सांगितलेले असते, की जन्म अमुक साली झाला. मग तेच साल शोधाच्या ओळीत घालतात. असे केले की ज्या पानांवर ते साल आहे तीच पाने वर येतात आणि ‘बघा, सगळीकडे हेच आहे’ असे वाटते. उत्तर प्रश्नात घालू नये. प्रश्न मोकळा ठेवावा आणि काय येते ते पाहावे.

दुसरी गोष्ट, कोणाचे ऐकावे? शोध घेतला की बहुधा सगळ्यात वर एका चौकटीत फोटो आणि तारीख येते. ती पाहावी, पण वहीत उतरवण्याआधी आणखी एका ठिकाणी तपासावी. त्यासाठी सगळ्यात जवळचे साधन म्हणजे मराठी विश्वकोश. त्यात नोंदीच्या शीर्षकानंतर लगेच कंसात जन्माची आणि मृत्यूची तारीख असते, त्यामुळे अख्खा लेख वाचावा लागत नाही. एवढे ध्यानात ठेवावे, की अलीकडच्या काळातील व्यक्तींची नोंद आडनावाने सुरू होते. ‘आनंदीबाई’ या नावाखाली शोधाल तर त्या सापडणार नाहीत. ‘जोशी, आनंदीबाई’ असे पाहावे. शिवाजी, तुकाराम अशी राजांची आणि संतांची नावे मात्र त्यांच्या नावानेच येतात.

मोबाइल हाताशी नसेल तर ग्रंथालयात सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा चरित्रकोश मागावा. त्याचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे वेगळे भाग आहेत. आनंदीबाई अर्वाचीन भागातल्या. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे, म्हणजे आनंदीबाईंपेक्षाही एक वर्षाने वडील. कोपरच्या मंडळींना ते काही लांब नाही.

एवढे केले की तारीख मिळते : ३१ मार्च १८६५. इथे मुलगी म्हणेल, ‘दहा ठिकाणी हीच तारीख आहे, मग आणखी काय तपासायचे?’ पण एका विहिरीचे पाणी दहा घागरींत भरले म्हणून दहा विहिरी होत नाहीत. वाक्यामागून वाक्य तेच, शब्दही तेच आणि चुकाही त्याच असतील, तर एकाने दुसऱ्याचे उतरवून घेतले आहे असे समजावे. त्या दहा पानांची साक्ष एकच धरावी. खरी दुसरी साक्ष वेगळ्या ठिकाणाहून आलेली हवी. आनंदीबाईंच्या बाबतीत अशी साधने आहेत. त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १८८८ साली, कॅरोलाइन डॉल या बाईंनी अमेरिकेत त्यांचे चरित्र छापले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले. व्यक्तीच्या काळाजवळ लिहिलेले पुस्तक आणि दीडशे वर्षांनी कोणी उतरवलेले पान, यांत पुस्तकाला जास्त वजन द्यावे. कादंबरी मात्र कितीही सुंदर असली तरी तारखेसाठी धरू नये. कादंबरीकाराला प्रसंग रंगवण्याची मोकळीक असते.

वेगवेगळी साधने पाहण्याचा आणखी एक फायदा असा, की कुठे मतभेद आहे ते कळते. आनंदीबाईंची जन्मतारीख बहुतेक ठिकाणी एकच आहे, पण जन्मगाव कुठे कल्याण तर कुठे पुणे असे दिलेले आढळते. तेव्हा मुलीने तारीख निःशंकपणे लिहावी आणि गावाच्या बाबतीत ‘काही ठिकाणी कल्याण, काही ठिकाणी पुणे असे दिले आहे’ असे लिहावे. गुरुजी त्याचे गुण कापणार नाहीत.

शेवटी वयाचा हिशेब करून पाहावा. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी वैद्यकीची पदवी मिळाली. ३१ मार्च १८६५ पासून मोजले तर त्या दिवशी त्यांना एकवीस पूर्ण व्हायला वीस दिवस कमी होते. मृत्यू २६ फेब्रुवारी १८८७ रोजी झाला, म्हणजे वय एकवीस पूर्ण, बावीसावे चालू. एके ठिकाणी ‘बावीसाव्या वर्षी मृत्यू’ आणि दुसरीकडे ‘वय २१’ असे दिसले तर घाबरू नये. आपण चालू वर्ष मोजतो आणि दुसरा पुरे झालेले वर्ष मोजतो, एवढाच फरक. पण ‘वय २५’ असे कुठे आले, तर त्या पानावरची एखादी तरी तारीख नक्की चुकलेली आहे.

आता जुन्या काळातील माणसाचे काय? तिथे तारीख नव्हती, तिथी होती. शिवाजी महाराजांचेच पाहा. एक जुनी तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७ साल. दुसरी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. दुसरी तिथी जेधे शकावलीत आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या जुन्या संस्कृत ग्रंथातही हीच तिथी आहे. दोन वेगळ्या साधनांत एकच तिथी मिळते, म्हणून तिला वजन आले. महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. त्याआधी छापलेल्या पुस्तकात १६२७ साल दिसले तर नवल मानू नये. म्हणून पुस्तक कोणत्या साली छापले तेही पाहावे.

शकाचे इसवी सन करताना पुष्कळ जण एका वर्षाने चुकतात. शकात ७८ मिळवावेत हे सर्वांना ठाऊक असते. पण शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत. त्यामुळे माघ आणि फाल्गुन या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. पौषात तिथी एक जानेवारीच्या आधीची की नंतरची ते पाहावे. शके १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येते आणि ते चूक. महिना फाल्गुन, म्हणून ७९ मिळवून १६३० हेच बरोबर.

कुठे १ मार्च १६३० असे दिसले तर तीही चूक नव्हे. १९ फेब्रुवारी ही इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या कालगणनेप्रमाणे आहे. आजच्या पद्धतीने मोजले तर तोच दिवस १ मार्च होतो. दिवस एकच, शुक्रवार. गावात तारखेची जयंती फेब्रुवारीत होते आणि तिथीची होळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, याचे कारण वेगळे. तिथी चंद्रावर चालते आणि इंग्रजी तारीख सूर्यावर, म्हणून दर वर्षी त्यांची जुळणी होत नाही.

काही व्यक्तींची तारीख मुळात नोंदलेलीच नाही. तुकाराम महाराजांचे जन्मसाल कुणी १५९८ देतो, कुणी १६०८. कोशात सालाआधी ‘सु.’ असे अक्षर असेल तर त्याचा अर्थ ‘सुमारे’. अशा ठिकाणी आपणही ‘सुमारे’ असेच लिहावे. एखाद्या पानावर अशा व्यक्तीची दिवस-महिन्यासह नेमकी तारीख दिसली आणि ती कशावरून घेतली ते सांगितलेले नसेल, तर ती वहीत उतरवू नये.