‘३२ पदव्या’ कधी मोजून पाहिल्या का?

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की बाबासाहेबांच्या परिचयाचा एकच मजकूर हजारो मोबाइलवरून फिरू लागतो. तोच फ्लेक्सवर जातो, स्मरणिकेत छापला जातो आणि शाळेतल्या भाषणात पाठ म्हणून दाखवला जातो. ३२ पदव्या, ६४ विषयांत मास्टर, जगातला पहिल्या क्रमांकाचा विद्वान. भावना खरी आहे, आकड्यांचे काय? आपल्या विरोधकांना सगळा परिचय खोडून काढावा लागत नाही. त्यातली एक चुकीची ओळ दाखवली की ‘बाकीचेही असेच असणार’ म्हणायला ते मोकळे होतात.

आम्ही एक साधी कसोटी लावतो. पदवी लिहायची असेल तर तिच्यापुढे विद्यापीठ आणि वर्ष लिहायचे. मुंबई विद्यापीठाची बी.ए., कोलंबियाची एम.ए. आणि पीएच.डी., लंडनची एम.एस्सी. (१९२१) आणि डी.एस्सी. (१९२३), ग्रेज इनची बॅरिस्टरी. शिवाय दोन सन्माननीय पदव्या: कोलंबियाची एलएल.डी. (१९५२) आणि उस्मानियाची डी.लिट. (१९५३). या आठांपुढे पुरावा उभा राहतो. ३२ चा आकडा पाठवणाऱ्याला उरलेल्या चोवीस पदव्यांची नावे विचारा, यादी येत नाही. कोलंबियाच्या ‘पहिल्या क्रमांका’चेही तसेच. २००४ साली विद्यापीठाने आपल्या २५० व्या वर्धापनानिमित्त काळाच्या पुढे असलेल्या आपल्या माणसांची यादी केली आणि तीत बाबासाहेबांचे नाव आहे. पण ती कोलंबियाशी संबंधित व्यक्तींची यादी होती. तीत क्रमांक नव्हते आणि जगातल्या सगळ्या विद्वानांची तुलनाही नव्हती.

पीएच.डी.चे साल हा जास्त गोंधळाचा भाग आहे. कुठे १९१७ दिसते, कुठे १९२७, आणि दोन्ही बाजू एकमेकांना खोटे ठरवतात. वास्तविक दोन्ही साले खरी आहेत, पण ती दोन वेगळ्या घटनांची आहेत. प्रबंध स्वीकारला गेला १९१७ मध्ये. त्या काळी कोलंबियाच्या नियमानुसार प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा केल्याशिवाय पदवी मिळत नसे. बाबासाहेबांचा ग्रंथ लंडनमध्ये १९२५ ला छापला गेला आणि पदवी प्रत्यक्ष मिळाली ८ जून १९२७ ला. म्हणून ‘१९१७ ला पीएच.डी. झाले’ असे न लिहिता ‘प्रबंध १९१७ मध्ये स्वीकृत, पदवी १९२७ मध्ये प्रदान’ असे लिहावे. चार शब्द वाढतात, वाद मिटतो.

आता पदनाम. ‘घटना समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर’ हे आपल्याच बॅनरवर सर्रास दिसते. घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद होते. बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष होते आणि ती समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली. असे लिहिल्याने मोठेपणा कमी होतो, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. आम्हाला उलटे वाटते. याच समितीचे सदस्य टी. टी. कृष्णमाचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात सांगितले होते की सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कोणी अमेरिकेत होते, कोणी संस्थानांच्या कामात गुंतले होते, आणि मसुद्याचा भार अखेर डॉ. आंबेडकरांवर पडला. चुकीचे पदनाम लिहिले की ही साक्ष वापरताच येत नाही, कारण ती मसुदा समितीबद्दल आहे.

याच परिचयात ‘२ वर्षे, ११ महिने, १८ दिवस’ हा आकडा येतो. कधी १८ च्या जागी १७ असते. मोजून पाहू. घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली. तिथून ९ नोव्हेंबर १९४९ पर्यंत २ वर्षे ११ महिने होतात. पुढे २६ नोव्हेंबरपर्यंत १७ दिवस, आणि दोन्ही टोकांचे दिवस धरले तर १८. बाबासाहेबांनी स्वतः १७ म्हटले, कारण ते भाषण २५ नोव्हेंबरचे आहे, एक दिवस आधीचे. पण हा काळ संपूर्ण घटना समितीचा आहे. ‘बाबासाहेबांनी इतक्या दिवसांत एकट्याने संविधान लिहिले’ असे त्याला जोडले की ओळ चुकते. मसुदा समितीचा आकडा त्यांनी त्याच भाषणात वेगळा दिला आहे: ३० ऑगस्ट १९४७ पासून १४१ दिवस समिती बसली. हे भाषण शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘राइटिंग्ज अँड स्पीचेस’च्या तेराव्या खंडात आहे, ज्याला शंका असेल त्याने ते उघडावे.

यंदाच्या स्मरणिकेचा मजकूर छापायला जाण्याआधी एकाने मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने प्रत्येक तारीख, पद आणि आकड्यासमोर तो कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर सापडला, हे पेन्सिलीने लिहावे. ज्या ओळीसमोर पान क्रमांक येणार नाही, ती त्या अंकातून काढून ठेवावी. पुढच्या वर्षी पुरावा मिळाला तर ती परत घेता येते. छापलेल्या हजार प्रती मात्र परत घेता येत नाहीत.