सहा आकड्यांची पद्धत

गौरी-गणपती आटोपले आणि ताईचा निरोप आला, "रविवारी जेवायला ये, आणि येताना चष्मा विसरू नकोस." जेवायला चष्मा कशाला, याचा उलगडा पानावरून उठल्यावर झाला. मी हात पुसतो न पुसतो तोच भाचा संगणक घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. नाना आरामखुर्चीत सुपारी कातरत होते आणि ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

नाना यंदा मे महिन्यात निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीचे आठ लाख रुपये बँकेत पडून आहेत. चिरंजीवांचे म्हणणे असे की, ते पैसे त्याने बसवलेल्या शेअरबाजाराच्या पद्धतीला लावावेत. त्यावर नाना एवढेच म्हणाले होते, "मामाला दाखव. तो हो म्हणाला तर माझी हरकत नाही." म्हणजे आठ लाखांचे ओझे अलगद माझ्या डोक्यावर! मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण नियम बांधून बाजाराच्या मागे लागण्याचा नाद मला किती वर्षांचा आहे आणि त्यात माझे हात किती वेळा पोळले आहेत, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. भाच्याच्या घरी तर ते अधिकच ठाऊक आहे.

पद्धत ऐकायला सोपी होती. निफ्टीच्या शेवटच्या १७ दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची, तशीच ८३ दिवसांची काढायची. छोटी सरासरी मोठीच्या वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री. यावर चार अटी. खरेदीच्या भावापासून ३.४ टक्के घसरण झाली तर तोटा सोसून बाहेर पडायचे, म्हणजेच स्टॉप-लॉस. आरएसआय नावाचे चढाचा जोर मोजणारे एक मोजमाप आहे, ते ५७ च्या वर असेल तरच खरेदी. मंगळवारी खरेदी नाही. सप्टेंबर महिन्यात खरेदी नाही.

"२०१३ पासून २०२४ पर्यंत, मामा! बारा वर्षांत एका लाखाचे सात लाख झाले असते," भाचा म्हणाला. नुसती निफ्टी घेऊन स्वस्थ झोपला असता, तर एका लाखाचे चार झाले असते. (२०१२ अखेर निफ्टी ५,९०५ वर होती, २०२४ अखेर २३,६४५ वर, लाभांश धरलेला नाही.) म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट अधिक! पडद्यावरची रेघ जिन्यासारखी वर चढत गेली होती. ताई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी विचारले, "हे सतरा आणि त्र्याऐंशी आले कुठून?"

"संगणकाने काढले. सगळ्यांत चांगले तेच निघाले."

"किती जोड्यांमधून?"

तो हिशेब त्याने केला नव्हता. आम्ही कागद घेतला. छोटी सरासरी त्याने ५ पासून ३० दिवसांपर्यंत फिरवली होती, म्हणजे २६ प्रकार. मोठी ४० पासून १२० पर्यंत, म्हणजे ८१ प्रकार. एवढ्यानेच २,१०६ जोड्या झाल्या. स्टॉप-लॉस एक टक्क्यापासून सहापर्यंत दशांशाच्या पायऱ्यांनी, म्हणजे ५१ प्रकार. गुणाकार १,०७,४०६ वर गेला. कोणता वार वगळायचा, की एकही वगळायचा नाही, हे सहा पर्याय त्यात मिळवले की ६,४४,४३६. आरएसआय आणि महिने अजून बाकीच होते. एवढ्या उमेदवारांतून पहिला आलेला हा गडी.

आता पहिला येणारा हुशार असतोच असे नाही. १,०२४ माणसांना एकेक नाणे देऊन दहा-दहा वेळा उडवायला सांगा. सरासरीने त्यांतल्या एकाला दहाही वेळा छापा पडेल. त्याच्या बोटांत जादू नसते. अकराव्या खेपेला त्याचीही बाजी इतरांसारखीच निम्मी. सहा लाख नियमांच्या गर्दीतही कुणीतरी असा निघणारच, आणि संगणक नेमका त्यालाच शोधून हार घालतो. नफ्याचा आकडा खोटा नसतो. पण त्यात पद्धतीचा गुण किती आणि दैव किती, हे तो सांगत नाही. जितके अधिक आकडे फिरवाल, तितका दैवाचा वाटा वाढत जातो.

भाचा हुज्जत घालू लागला. तेव्हा मी म्हटले, वाद नको, आकड्यांना किंचित ढकलून पाहू. १७ चे १९ केले. सात लाखांचे सव्वाचार झाले. पुन्हा १७ ठेवून स्टॉप-लॉस ३.४ चा ३.८ केला, तर साडेतीन. ८३ चे ९० केले, तरी पाचाच्या आत. खरा गुण असता, तर शेजारच्या आकड्यांतही तो थोडाफार दिसला असता. बाजाराला सतरा नि एकोणीस दिवसांत भेद करण्याचे काही कारण नाही. सह्याद्रीत हिंडलेल्यांना मी हे असे सांगेन: नफ्याचा नकाशा काढला तर हवे ते पठार, जिथे चार पावले इकडेतिकडे पडली तरी माणूस उंचीवरच राहतो. भाचा उभा होता तो सुळक्यावर.

मग मी सौद्यांची यादी मागितली. ही यादी मंडळी पाहतच नाहीत, आणि सगळे गुपित तिथेच असते. नुसत्या दोन सरासऱ्यांनी बारा वर्षांत २६ सौदे होत होते. चारही अटी लावल्यावर उरले १५, त्यांतले १२ नफ्याचे. ऐंशी टक्के यश! पण पंधरा उदाहरणांवर सहा आकडे बसवायचे म्हणजे दर अडीच सौद्यांमागे एक आकडा. इतक्या मोकळिकीत काय वाटेल ते बसते. फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाचे एक बोलणे फेर्मीने १९५३ साली तरुण डायसनला ऐकवले होते. त्याचा आशय असा की, चार आकडे मला मोकळे सोडा, मी त्यांत हत्ती बसवून दाखवतो. पाचवा दिलात तर त्याची सोंडही हलवीन. आमच्या भाच्याजवळ सहा होते.

"मंगळवारने काय घोडे मारले?" मी विचारले. यादीत बोट फिरवले, तर मंगळवारच्या खरेद्या एकंदर सहा, आणि त्यांत मोठ्या तोट्याच्या दोन. त्या दोघांना हाकलण्यासाठी सबंध वार वाळीत टाकला होता. भाच्याने लगेच कारण पुढे केले: निफ्टीच्या सौद्यांची मुदत गुरुवारी संपते, म्हणून मंगळवारपासून बाजार अस्वस्थ असतो. मी म्हटले, "अरे, सप्टेंबर २०२५ पासून ती मुदतच मंगळवारी संपू लागली आहे. आता तुझी अस्वस्थता कोणत्या वारी धरायची?" नियम आधी आणि कारण मागाहून असे झाले की ही फजिती व्हायचीच. कारण सुचायला हुशार माणसाला अर्धे मिनिटही लागत नाही. माझे विद्यार्थी न वाचलेल्या कादंबरीतल्या नायकाच्या स्वभावाची कारणे देतात, तसेच ते.

सप्टेंबरची हकिगत मात्र तो आपणहून सांगेना. ताई म्हणाली, "सांग ना मामाला, त्या रात्री कसा जागत बसला होतास ते." तेव्हा उजेड पडला. मुळात त्याने पद्धत २०२२ पर्यंतच्या भावांवर बसवली होती आणि पुढची दोन वर्षे परीक्षेसाठी कुलपात ठेवली होती. हे अगदी योग्य केले. परीक्षा घेतली, तर त्या दोन वर्षांत बाजार तीस टक्के वर गेलेला असताना त्याची पद्धत चार टक्क्यांवर अडखळली. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये घेतलेला सौदा अंगाशी आला होता; निफ्टी २६ सप्टेंबरला २६,२१६ वर बंद झाली आणि तिथून घसरली. मग त्याने सप्टेंबर वगळला, स्टॉप-लॉस ३.९ चा ३.४ केला, आणि पुन्हा परीक्षा घेतली. या वेळी पास!

"बाळ, त्याच प्रश्नपत्रिकेवर?" मी म्हणालो.

तो गप्प झाला. कुलपातली वर्षे एकदाच उघडता येतात. एकदा पाहून नियम बदलला की तीही शिकवणीच्या वर्षांत जमा होतात. पहिली परीक्षा हीच खरी परीक्षा होती, आणि तिने दिलेला निकाल त्याने खोडून काढला होता.

दुपारचा चहा झाल्यावर आम्ही एकेक अट काढायला बसलो. रीत साधी आहे. अट काढायची आणि पाहायचे, की फरक अनेक सौद्यांत थोडाथोडा पडतो, की एकदोन सौद्यांतच पडतो. एकदोनच असतील तर ती अट म्हणजे त्या सौद्यांची आठवण, दुसरे काही नाही. मंगळवार आणि सप्टेंबर तत्काळ गेले. आरएसआयने टाळलेल्या सौद्यांत नफ्याचे नि तोट्याचे सारखेच होते, तेही गेले. स्टॉप-लॉसवर वाद झाला. तो नफा वाढवायला नसून रात्रीची झोप लागावी म्हणून ठेवायचा असेल, तर दशांश कशाला? आम्ही मोठा, ठोकळ दहा टक्के ठेवला आणि त्याला हात लावायचा नाही असे ठरवले. सरासऱ्या २० आणि १०० घेतल्या.

निकाल: एका लाखाचे पावणेतीन लाख. १५ आणि ९० घेतले तरी, २५ आणि १२० घेतले तरी अडीच ते तीनच्या दरम्यान. पठार सापडले होते, पण ते सुळक्यापेक्षा कितीतरी खाली, आणि स्वस्थ झोपणाऱ्याच्या चार लाखांच्याही खाली. पडत्या काळात घसरण कमी, एवढीच त्याची जमेची बाजू. त्यातूनही दलाली आणि कर अजून वजा करायचेच होते. शिवाय नफ्याचा निम्म्याहून अधिक भाग मार्च २०२० च्या पडझडीनंतरच्या चढणीतला. तशी चढण पुन्हा केव्हा येईल, कुणास ठाऊक.

भाच्याचा चेहरा उतरला. "म्हणजे कमी नियमांनी कमी पैसे?" तो म्हणाला. कमी नियमांनी पैसे वाढत नाहीत, हे खरेच आहे. एवढेच होते की, कागदावर दिसणारा आकडा आणि पुढे हाती पडणारा आकडा यांतले अंतर कमी होते. त्याचे सात लाख कधीच नव्हते. पावणेतीन कदाचित असतील. तेही कदाचितच, कारण २० आणि १०० हे आकडे प्रसिद्ध झाले, तेही पुष्कळांनी जुने भाव चाळूनच.

आता न पाहिलेले भाव कुठून आणायचे? ते पुढेच मिळणार. म्हणून ठरले असे: नानांचे आठ लाख मुदतठेवीत. भाच्याने एका कागदावर २०, १०० आणि १० एवढे तीन आकडे लिहिले, खाली तारीख घातली आणि सही केली. पुढच्या दिवाळीपर्यंत सौदे वहीत मांडायचे, पैसा लावायचा नाही, आणि आकड्यांना स्पर्श करायचा नाही. स्पर्श केला तर वर्ष नव्याने मोजायचे. कागद ताईने दागिन्यांच्या डब्यात ठेवला.

परवा भाऊबीजेचे विचारायला तिचा फोन आला होता. म्हणाली, "तो विचारत होता, वीसचे अठरा केले तर चालेल का. मी डब्याची किल्ली शेजारी देऊन ठेवलीय."