आप्तांचं ते आप्तवाक्य?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतल्या एका निवृत्त काकांना त्यांच्या मुलीनं वाढदिवसाला तर्कदोषांचं पुस्तक दिलं. काकांनी ते मन लावून वाचलं. महिन्याभरात ते ग्रुपवर इतरांच्या बोलण्यातले दोष नावानिशी दाखवू लागले. त्यांचे स्वतःचे फॉरवर्ड मात्र चालूच राहिले. माझ्या मते चूक काकांची नाही, पुस्तकाच्या निवडीची आहे.

ही पुस्तकं युक्तिवाद तपासायला शिकवतात. फॉरवर्डमध्ये युक्तिवाद असतोच कुठे? २०१८ साली देशभर फिरलेली चित्रफीत आठवा. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावरचं मूल उचलतात आणि पसार होतात. खाली ओळ : पोरं पळवणारी टोळी आली आहे. यावरून अनोळखी माणसांपासून सावध राहायचं ठरवणं तर्काला धरूनच होतं. खोटं होतं ते गृहीतक. मूळ फीत कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची. तिच्यात ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. हा शेवट कोणीतरी कापला होता. अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं.

ती फीत शंभरदा बारकाईनं पाहिली तरी कापलेला शेवट तिच्यात दिसणार नाही. त्यासाठी फितीच्या बाहेर पडावं लागतं. माइक कॉलफिल्ड आणि सॅम वाइनबर्ग यांचं ‘व्हेरिफाइड’ (२०२३) हे इंग्रजी पुस्तक नेमकं हेच शिकवतं. वाइनबर्ग यांच्या अभ्यासात पीएचडी झालेले इतिहासकारही वेबसाइटच्या रुबाबदार बोधचिन्हाला फसले, कारण ते त्याच पानावर वाचत बसले. बातम्या पडताळणारे लोक पान चटकन सोडून, त्याबद्दल इतर काय म्हणतात ते शोधायला गेले.

काकांना एवढंच हवं होतं. फीत थांबवा, एका स्पष्ट दृश्याचा स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्सवर टाका आणि ते दृश्य सर्वांत आधी कुठे, कधी दिसलं ते बघा. दृश्य दावा केलेल्या तारखेच्या आधीचं निघालं, तर दावा तिथेच पडला. काहीच सापडलं नाही तर मात्र खरं-खोटं काहीच ठरत नाही. आवाजी निरोपाला तर दृश्यच नसतं. तिथे दाव्यातलं गाव, तारीख आणि घटना टाइप करून बातमी शोधावी. तरीही हाती काही लागलं नाही, तर पुढे पाठवू नये.

यावर काका म्हणतील, “अरे, पण आपल्याच माणसानं पाठवलंय!” खरी गोम इथे आहे. न्यायदर्शनानं शब्दाला प्रमाण मानलं, पण तो आप्ताचा असेल तरच. आणि आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक. बोरिवलीची मावशी आपली आप्त आहे, पण तिनं कराची पाहिलेली नाही.