उंबऱ्याबाहेरचा एक मिनिट

बेळगाव महापालिकेच्या ५८ प्रभागांसाठी ३ सप्टेंबर २०२१ रोजी मतदान झाले. राष्ट्रीय पक्ष आपापल्या चिन्हांवर पहिल्यांदाच उतरले आणि भाजपने ३५ जागा घेऊन बहुमत मिळवले. मराठी भाषिकांचा गट ज्या सभागृहात वर्षानुवर्षे बसत आला, तिथे समितीच्या वाट्याला मोजक्याच जागा आल्या. कारणांची चर्चा भरपूर झाली. त्यात एक साधी गोष्ट मात्र मागे पडली, ती म्हणजे गल्लीतल्या दारात उमेदवार काय बोलतो आणि किती वेळ बोलतो.

आधी हिशेब बघू. शहरात मतदार सव्वाचार लाखांच्या आसपास, म्हणजे एका प्रभागात सरासरी सात हजारांवर. घरटी चार मतदार धरले तर अठराशे दारे होतात. अर्ज माघारीनंतर हातात जेमतेम आठवडा. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास फिरले तरी रोज अडीचशेहून जास्त घरे घ्यावी लागतात. चालणे, जिने आणि बंद दारे धरून एका घराला मिनिटभर येते. त्यातले बोलायला मिळतात वीस-पंचवीस सेकंद.

पक्षाच्या उमेदवाराला एवढे पुरते, कारण त्याचे चिन्ह लोकांना पाठ असते. समितीच्या पाठिंब्यावर उभा राहणारा मात्र कागदोपत्री अपक्ष. त्याला चिन्ह मिळते माघारीनंतर, तेही प्रभागागणिक वेगळे. शेजारच्या प्रभागातल्या पाहुण्याला सांगितलेले चिन्ह इथे चालत नाही. त्यामुळे त्या वीस सेकंदांत नाव आणि चिन्ह पोचवायचेच असते. भूमिका आणि सीमाप्रश्नाचा इतिहास दारात मावत नाही. त्यासाठी कोपरा सभा आहे.

आता शहापूर-वडगावसारख्या भागातली एक गल्ली घ्या. आतून यंत्रमागाचा खडखडाट येतो. उमेदवार आत शिरून ओरडून बोलू लागला तर माग थांबवावा लागतो आणि थांबलेल्या मागाचे नुकसान विणकराचे. जाणता उमेदवार पायरीखालीच थांबतो, नजरानजर झाली की हात जोडतो. कुणी बाहेर आलेच तर बोलणे एवढेच:

"नमस्कार वहिनी, पाणी आलंय वाटतं, भरून घ्या, मी थांबवत नाही. मी पलीकडच्या गल्लीतला. ह्या वॉर्डातनं उभा आहे, चिन्ह शिट्टी. शुक्रवारी मतदान. काही सांगायचं असलं तर सांगा, नाहीतर येतो."

यात 'मत देणार ना?' हा प्रश्न नाही. तो विचारला की समोरचा माणूस संकोचाने 'हो' म्हणतो, आणि हाच 'हो' प्रत्येक उमेदवाराला मिळतो. संध्याकाळी असले होकार मोजून ज्यांनी विजयाची बेरीज केली, ते मोजणीच्या दिवशी फसले. खरी खूण वेगळी असते. माणूस आपणहून गटारीचे, दिव्याचे बोलतो किंवा यादीत सुनेचे नाव नसल्याचे सांगतो, तेव्हा तो उमेदवाराला जमेस धरत असतो. ते मागे चालणाऱ्या एकाने यादीवर टिपायचे. बंद घर, बदललेला पत्ता आणि मयत मतदार यांचीही नोंद तिथेच होते. उमेदवाराच्या हातात कागद नकोच, नाहीतर तो वसुलीला आल्यासारखा दिसतो.

सोबत माणसे चार-पाचच बरी. वीस जणांचा घोळका दारात आला की घरचा माणूस मान डोलावतो आणि दार लोटतो. तक्रार सांगायची ती राहूनच जाते. घोषणा गल्लीच्या तोंडाशी ठीक, दारात नकोत. दुपारी एक ते चार कुणाच्या दारी जाऊ नये. सुतकाच्या घरी पत्रकही द्यायचे नाही, नुसते हात जोडून पुढे जायचे.

भाषेचे काय? एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे लागून असतात. नमस्कार पहिल्या दोन्हींत चालतो, तिसऱ्या दारी आदाब किंवा सलाम. पुढचे वाक्य त्या घराच्या भाषेत मोडकेतोडके का होईना म्हटले, तर मराठी उमेदवाराचे मराठीपण कमी होत नाही. पाटीवरचे आडनाव वाचून दारच वगळणारे कार्यकर्ते आहेत. चौरंगी लढतीत थोड्या मतांनी निकाल फिरतो, तिथे ही वगळलेली दारे महागात पडतात.

जाहीर प्रचार थांबल्यावरही भोंग्याशिवाय, घोळक्याशिवाय घरोघरी जाऊन हात जोडता येतात. पण त्या दोन रात्री पाकिटांच्याही असतात, आणि रात्री नऊनंतर वाजलेल्या कडीकडे लोक त्याच नजरेने बघतात. म्हणून ज्याच्या हातात खरोखर फक्त पत्रक आहे, त्याने शेवटची फेरी दिवसाउजेडी, गल्लीच्या डोळ्यांदेखत करावी.