आईची साडी आणि हिरवे गाल

"पोस्टमध्ये बघून घेऊ!" हे वाक्य यंदा गॅदरिंगच्या शॉर्टफिल्मच्या वेळी मी इतक्यांदा ऐकलं की आता ते कोणी म्हटलं तर भांडण होईल. पहिल्या दिवशी आई झालेल्या मैत्रिणीने केशरी साडी नेसली. दुसऱ्या दिवशी ती साडी मावशीकडे परत गेलेली, म्हणून हिरवी आली. सीन मात्र एकच! एडिटिंग माझ्याकडे, तेव्हा निस्तरायचंही मीच.

दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्वालिफायर असतो. आयड्रॉपरने साडीवर क्लिक केलं की तो त्या रंगाचा ह्यू, सॅच्युरेशन आणि उजेड यांच्या मर्यादा ठरवतो आणि फ्रेममध्ये त्यात बसणारं सगळं निवडतो. मग ह्यू फिरवायचा, झाली साडी हिरवी. गोम अशी, की त्याला साडी कळतच नाही, फक्त आकडे कळतात. Shift+H दाबल्यावर निवडलेला भाग रंगीत दिसतो, बाकी राखाडी. मी दाबलं आणि कपाळाला हात लावला. साडीबरोबर गाल, दंड, मागचा लाकडी दरवाजा, सगळं रंगीत! कारण माणसाची त्वचा गोरी असो वा सावळी, ह्यूच्या चक्रावर ती लाल आणि पिवळ्याच्या मध्येच बसते. केशरीचं घरही तिथेच.

ह्यूची पट्टी अरुंद केली. गाल सुटले, पण सावलीतल्या निऱ्याही सुटल्या. साडी त्वचेपेक्षा भडक म्हणून सॅच्युरेशनची खालची मर्यादा वर नेली, साडीभोवती विंडो काढून ट्रॅक केली. स्थिर फ्रेम झकास! प्ले केलं तर पदराची कड मुंग्या चालाव्यात तशी वळवळत होती. आमचा मोबाईलचा व्हिडिओ 4:2:0, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची नोंद एकच. 1920×1080 च्या फ्रेममध्ये रंग फक्त 960×540 चा, मग कड नेमकी कुठून येणार? शिवाय खऱ्या साडीचा केशरी उजेड हनुवटीखाली पडलेला. तो हिरव्या साडीवर चक्क खोटा दिसत होता.

रात्री दोनला ट्यूब पेटली. उलटं का नाही करायचं? दुसऱ्या दिवशीची हिरवी साडीच केशरी करू! हिरवा त्वचेपासून लांब, त्यामुळे निवड पहिल्याच क्लिकला बरीचशी स्वच्छ आली. गडद हिरव्याचा ह्यू फिरवल्यावर आधी तपकिरी आला, कारण काळोखातला केशरी म्हणजे तपकिरीच. उजेड वाढवला तेव्हा केशरी वाटला.

म्हणून माझं म्हणणं आहे की "रंग बदलता येतो का" हा प्रश्नच चुकीचा, "कुठल्या रंगावरून" हे विचारा. निळा, हिरवा आणा, चालेल. लाल, केशरी, मोतिया नको. आणि पांढरा शर्ट तर नकोच, त्यात फिरवायला ह्यूच नसतो.

आमच्या शॉटमध्ये मागची तुळस तेवढी केशरी झाली होती, तिला विंडोने बाहेर काढावं लागलं.